तीन खुणा, सहा समीकरणे

कऱ्हेकाठच्या मोरगावसारख्या गावाचा जुना कागदी नकाशा स्कॅन केला, की त्यातली प्रत्येक जागा पिक्सेलमध्ये मोजता येते. तीच जागा जमिनीवर किती मीटरवर आहे, हे अफाइन रूपांतरण सांगते:

X = ax + by + c
Y = dx + ey + f

x, y हे नकाशावरचे पिक्सेल आणि X, Y हे जमिनीवरचे मीटर. अज्ञात सहा आहेत आणि ओळखीची प्रत्येक खूण दोन समीकरणे देते, म्हणून तीन खुणा पुरतात. नुसते फिरवून आणि मोठे करून भागत नाही, कारण जुना कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही.

हिशेबासाठी आकडे कल्पित घेऊ. मयूरेश्वर मंदिराच्या तटाचा एक कोपरा नकाशावर (२००, ३००) येथे आहे आणि जमिनीवर तोच आरंभबिंदू (०, ०) मानला आहे. दुसरी खूण, एक हद्दीचा दगड, (१२००, ३००) येथे असून जमिनीवर (८००, २०) भरते. तिसरी, एक विहीर, (२००, ११००) येथे असून जमिनीवर (२४, −६४८) भरते. दुसऱ्या खुणेच्या समीकरणांतून पहिलीची वजा केली, की c आणि f गळतात. १०००a = ८०० आणि १०००d = २०, म्हणून a = ०.८, d = ०.०२. तिसरीतून पहिली वजा केली, की ८००b = २४ आणि ८००e = −६४८, म्हणून b = ०.०३, e = −०.८१. शेवटी पहिल्या खुणेवरून c = −१६९, f = २३९. e ऋण येतो, कारण पडद्यावर y खाली वाढतो आणि जमिनीवर Y उत्तरेकडे.

ही गणिते सुटतात ती तीन खुणांचा त्रिकोण होतो म्हणून. निश्चयकाची किंमत त्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट असते. खुणा एका रेषेत आल्या की ती शून्य होते आणि उत्तर एकमेव राहत नाही. जवळजवळ एका रेषेत असणे अधिक फसवे, कारण उत्तर मिळते पण कच्चे. विहीर पहिल्या दोन खुणांच्या रेषेपासून ८०० ऐवजी ४० पिक्सेलवर असती, तर तिच्या X मापातली एका मीटरची चूक b मध्ये ०.०२५ इतकी उतरली असती आणि रेषेपासून ८०० पिक्सेलवरच्या शेताचा बांध २० मीटर सरकला असता. एकाच रस्त्याकडेच्या खुणा म्हणूनच घेऊ नयेत. नदीचा काठही नको, तो पुरात बदलतो.

तीन खुणांवर नकाशा नेहमीच तंतोतंत बसतो, चुकीची खूण घेतली तरी. खरी पारख चौथ्या खुणेवर होते. नकाशावरील (१०००, ९००) येथे सूत्र (६५८, −४७०) देते. जमिनीवर (६६१, −४७४) भरले, तर फरक पाच मीटरचा. नकाशा घडीवर चुरगळला असेल किंवा मोबाइलने तिरका टिपला असेल, तर हा फरक जागोजागी बदलतो आणि कोणतेही अफाइन रूपांतरण तो पूर्ण घालवू शकत नाही. बांधाचा वाद अशा हिशेबावर मिटवू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच करून घ्यावी.