मी फोनवर उपलब्ध आहे

२०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. तारीख वीस. सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्याला वीस तारीख म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. महिन्याचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं कर भरायचं रिटर्न, त्या दिवशी रात्री बारापर्यंत गेलंच पाहिजे. मला पहाटेपासून थंडी वाजत होती. सव्वाआठला थर्मामीटरने १०३ दाखवल्यावर मी पडल्या पडल्या मोबाइलवरून सरांना मेल टाकला. दोन ओळींचा. ‘प्रकृती ठीक नसल्याने आज येऊ शकत नाही. काही अर्जंट असल्यास मी फोनवर उपलब्ध आहे.’ मग क्रोसिन घेतली, फोन उशीखाली सरकवला आणि झोपलो.

त्या मेलमधलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं होतं, पण ते खोटं आहे हे लिहिताना मला जाणवलंही नाही. सगळेच तसं लिहितात. रजा मागताना आपण काहीतरी हिसकावून घेतोय असं वाटतं, त्याची भरपाई म्हणून हे वाक्य जोडलं जातं.

आता तिकडे काय झालं ते सांगतो. माझ्याकडे एका भागीदारी फर्मचं रिटर्न होतं. टू-बी जुळवून झालं होतं, कराचा आकडा निघाला होता : क्रेडिट वजा जाता रोख भरायचे २ लाख ४० हजार. आदल्या संध्याकाळी मी चलन काढून पार्टीला पाठवलं आणि त्यांच्या अकाउंटंटने ते नेट बँकिंगने भरलंही. खात्यातून पैसे गेले, पण पोर्टलच्या कॅश लेजरमध्ये जमा दिसेनात. बँकेकडून पोर्टलला निरोप पोहोचायला कधी कधी वेळ लागतो. थांबायचं, फार झालं तर तक्रार नोंदवायची. मी मनाशी म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी बघायला मी नव्हतो. फाइल आली आमच्या आर्टिकलकडे, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाकडे. त्याने लेजर उघडलं, शिल्लक शून्य. पार्टीचा अकाउंटंट त्या दिवशी गावाला. पोराने मला तीन फोन केले, कारण मी उपलब्ध होतो ना! संध्याकाळी पाचच्या पुढे पोर्टल गोगलगायीसारखं चालतं हे त्याला माहीत होतं. चारला त्याने नवीन चलन काढलं आणि फर्मच्या मालकांना भरायला लावलं. रिटर्न वेळेत गेलं. दुसऱ्या दिवशी लेजरमध्ये आधीचे २ लाख ४० हजार येऊन बसलेले.

पैसे बुडाले नाहीत. कॅश लेजरमधली जादा रक्कम पुढच्या महिन्यांच्या करात वापरता येते, नाहीतर रिफंडचा अर्ज करता येतो. पण त्या आठवड्यात मालकांना कच्च्या मालाचे पैसे चुकते करायचे होते, ते लांबले. त्यांनी ऑफिसात येऊन त्या मुलाला सगळ्यांदेखत झापलं. गंमत अशी की रिटर्न एक दिवस उशिरा गेलं असतं, तर लेट फी ५० रुपये आणि १८ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज सुमारे ११८ रुपये, एवढंच लागलं असतं. १६८ रुपयांच्या धाकाने २ लाख ४० हजार अडकले. आणि ते वाचवायला माझ्या मेलमध्ये एकच वाक्य पुरलं असतं : चलन भरलंय, पोर्टलवर दिसत नाहीये, दुसरं भरू नका.

मी आजारी पडलो यात माझी चूक नव्हती. फोन उचलला नाही यातही नव्हती, १०३ तापात कोण उचलेल? चूक होती ‘उपलब्ध आहे’ या दोन शब्दांत. मी ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलं असतं, तर तो पोरगा तीन फोन करून वाट बघत बसला नसता. सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेला असता. माझ्या सौजन्याने त्याचा अर्धा दिवस खाल्ला आणि मग त्याला घाईत ढकललं.

गेल्या वर्षी, पुन्हा वीस तारखेलाच, आमच्याकडच्या एका मुलीचा मेल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. तो मी जपून ठेवलाय.

‘सर, काल रात्रीपासून ताप आहे. आज आणि उद्या येणार नाही. परवाचं उद्या संध्याकाळी कळवते. आज फोन दुपारी १ ते १.१५ उचलीन, त्यानंतर नाही. माझ्याकडची दोन रिटर्न राहिली आहेत. पहिलं : चलन भरलंय, लेजरला जमा आहे, फक्त ऑफसेट करून फाइल करायचं. ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो, त्यांना तीनला फोनजवळ थांबायला सांगितलंय. दुसरं : एका सप्लायरचं बिल टू-बीमध्ये आलेलं नाही, त्याचं क्रेडिट घेऊ नये, चलन अजून काढलेलं नाही. वर्किंग हिरव्या फाइलमध्ये वर आहे. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमशी रात्री बोलले, त्या दोन्ही करते म्हणाल्या.’

यात काय नाही ते आधी पाहा. उलट्या किती झाल्या, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. ताप आहे म्हटलं की पुरे. ऑफिसला आपल्या पोटाचा हिशेब द्यायचा नसतो. पासवर्डही नाही. कामं ‘उरली आहेत’ एवढंच न म्हणता प्रत्येक काम कुठल्या पायरीवर थांबलंय ते सांगितलंय. आणि मॅडमना आधी विचारलंय. ‘माझं काम अमुक बघतील’ असं परस्पर लिहून मोकळं होणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या अमुकला ही बातमी मेलमधूनच कळते, आणि सरांसमोर त्याला नाही म्हणता येत नाही.

सगळ्यात मला आवडली ती पंधरा मिनिटं. ‘दिवसभर’ म्हणण्यापेक्षा ती थोडी आहेत, पण ती तिला पाळता येणार होती.

अर्थात असा मेल प्रत्येकाने लिहावा, असं मी म्हणणार नाही. डेंग्यूने अंग ठणकत असलेल्याकडून हँडओव्हरची अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. नवऱ्याने किंवा आईने ‘आज येत नाही’ एवढं कळवलं तरी रजा ही रजाच. ती मुलगी हे लिहू शकली कारण रोज संध्याकाळी निघताना कोणतं रिटर्न कुठे आलंय ते ती वहीत टिपायची. तापात तिला फक्त उतरवून काढायचं होतं. माझ्याकडे तशी वही नव्हती. सगळं डोक्यात, आणि डोकं उशीवर. मात्र अशी वही ठेवायला लावणं हे ऑफिसचं काम. ते न करता आजारी माणसाकडून तपशील मागायचा, याला अर्थ नाही.

त्या दिवशी दुसऱ्या रिटर्नचं वर्किंग मिळेना म्हणून मी तिला फोन लावला. रिंग गेल्यावर घड्याळाकडे लक्ष गेलं, एक वीस झाले होते. कापला.

तिसऱ्या दिवशी ती आली. चेहरा उतरलेला, हातात पाण्याची बाटली. ‘सर, परवा तुमचा मिस्ड कॉल होता. काही अडलं होतं का?’

‘नाही गं,’ मी म्हणालो. हिरवी फाइल माझ्याच टेबलावर होती, आणि तिचा मेल मी शेवटपर्यंत वाचला नव्हता.