भावनेचं नाव न घेता

वळसंग

प्रिय मुली,

तुझी कथा वाचली. मध्ये पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्या नंतर बघ. आज फक्त एका परिच्छेदाबद्दल लिहिते, कारण तो कथेचा गाभा आहे आणि तिथेच कथा बसली आहे. तू लिहिलंस:

‘बारावीचा निकाल पाहून रुक्मिणीला खूप आनंद झाला. पण पुढच्या खर्चाच्या विचाराने ती दुःखी झाली. आव्वाला मुलीचा अभिमान वाटला, पण काळजीही वाटत होती. वडिलांना अपराधी वाटलं. घरात विचित्र शांतता पसरली.’

पाच वाक्यांत आनंद, दुःख, अभिमान, काळजी आणि अपराधीपणा, सगळं आलं. तरी वाचणाऱ्याला यातलं काहीच होत नाही. तू त्याला निकाल कळवला आहेस, पुरावा दाखवलेला नाहीस.

ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितलं की रसाचं नाव उच्चारल्याने रस जाणवत नाही, तो जाणवतो त्याच्या कारणांतून आणि खुणांतून. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त भावनेचं नाव सरळ घेणं हा दोषच मानला. आणि 1886 साली चेखव्हने आपल्या थोरल्या भावाला पत्रात जवळपास हेच कळवलं: पात्रांच्या मनाची अवस्था वर्णन करत बसू नको, ती त्यांच्या वागण्यातून कळू दे.

पण सल्ला सोपा, करणं अवघड. नाव काढून टाकलं की नवशिक्या हाताला पहिल्यांदा काय सुचतं? डोळ्यांत पाणी तरळलं, मुठी आवळल्या, ओठ चावला, छातीत धस्स झालं. यांना मी खुणा म्हणत नाही. ही ‘दुःख झालं’चीच दुसरी नावं आहेत. ती कुठल्याही गावच्या, कुठल्याही घरातल्या माणसाला लावता येतात. म्हणून एक कसोटी ठेव: ही हालचाल उचलून दुसऱ्या पात्राला दिली तर चालेल का? चालत असेल, तर ती अजून तुझ्या पात्राची झालेली नाही.

आता आव्वाकडे ये. ती विड्या वळते, असं तू पहिल्याच पानावर लिहिलंस आणि मग विसरून गेलीस. आपल्या रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. तिथे एखाद्या दारात तासभर बस. भिजवलेली पानं कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू, चिमूट घालायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजारावर मिळते, म्हणून बोलताना, भांडताना, नातवाला ओरडतानाही हात थांबत नाहीत. अशी बाई हात थांबवते तेव्हा ती पैसे सोडते. तुझ्या आव्वाचा अभिमान इथे आहे. आणि तिच्या हाताला दिवसभर तंबाखूचा वास असतो. त्या हाताने ती मुलीचा निकाल धरेल का?

वडिलांचं वेगळं आहे. मी आधी त्यांना नुसतं खिशात हात घालायला लावलं: ‘पेढे आणतो’ म्हणाले, आणि हात खिशातच राहिला. लिहून झाल्यावर परत वाचलं तर त्यातून काहीही निघत होतं. पैसे नसतील, कंजूस असतील, पाकीट हरवलं असेल, पैसे दारूत उडवले असतील. हालचाल खरी होती, पण तिच्यामागचं कारण वाचणाऱ्यापाशी नव्हतं. तुझ्या कथेत ते आहे, पण चार पानं पुढे: कॉलेजसाठी ठेवलेली रक्कम मार्चमध्ये बोअरला गेली आणि चारशे फुटांवरही फुफाटाच निघाला. ते एक वाक्य तिथून उचलून इथे आण. भावना सांगू नको, पण घडलेली गोष्ट सरळ सांगायला लाजू नको. शास्त्रकार कारणाला विभाव आणि खुणेला अनुभाव म्हणतात. दोन्ही असल्याशिवाय काम होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदी पटतं.

रुक्मिणीसाठी तू बसच्या भाड्याची बेरीज लिहिली आहेस. ती चुकीच्या जागी आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, त्यामुळे आजवर तिने भाड्याचा विचारच केलेला नाही. आणि नेमकी आज बारावी संपली. तुझ्या हातातली सगळ्यात चांगली वस्तू हा पास आहे, आणि तो तू पिशवीतच ठेवलास. तपशील चुकला की सोलापूरकडचा वाचक तिथेच थांबतो. बरोबर असला तर तो तुझ्या तीन वाक्यांचं काम एकटा करतो.

शांतता काढून टाक. ‘विचित्र’ म्हणणारी तू आहेस, त्या घरातलं कोणी नाही.

मी असं करून पाहिलं:

‘झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला कागद रुक्मिणीने पुढे केला. आव्वाने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पदराला पुसले, नाकाशी नेऊन पाहिले, पुन्हा धुतले. मग कागद कडेने धरला. “यातला सगळ्यात मोठा कुठला?” रुक्मिणीने आकड्यावर बोट ठेवलं. “पेढे आणतो,” वडील उंबऱ्यावरून म्हणाले आणि खिशात हात घातला. कॉलेजसाठी ठेवलेले पैसे मार्चमध्ये बोअरला गेले होते; चारशे फुटांवरही फुफाटाच निघाला होता. हात खिशातच राहिला. आव्वा परत सूप घेऊन बसली. पंचवीसची जुडी बांधली, सोडली, पुन्हा मोजली. रुक्मिणीने पिशवीतून एसटीचा पास काढला. बारावीपर्यंतचा. प्लास्टिकच्या पाकिटातून तो सोडवून तिने निकालाच्या घडीत ठेवला.’

तुझा परिच्छेद पाच वाक्यांचा होता, हा जवळपास तिप्पट लांब झाला. ही किंमत प्रत्येक वेळी द्यायची नसते. कथेत जिथे काहीतरी उलटतं तिथेच थांबायचं. बाकी ठिकाणी ‘तिला कंटाळा आला होता’ एवढं म्हणून पुढे जायला काहीच हरकत नाही. प्रत्येक ओळीत कोणी ना कोणी पदर चाळवायला लागलं तर वाचणारा थकतो. आणि हालचाल दाखवल्यावर तिचा अर्थ खाली लिहू नको. ‘हात खिशातच राहिला, कारण त्यांना अपराधी वाटत होतं’ असं केलंस तर दोन्ही वाया गेलं.

मम्मटानेच एक सवलतही दिली आहे. ‘रत्नावली’च्या आरंभीच्या एका श्लोकात शंकराला पहिल्यांदा भेटायला निघालेली गौरी ओढीने घाई करते आणि तिथे ओढ हा भाव नावानेच येतो. मम्मट म्हणतो, इथे दोष नाही. घाई भीतीनेही होते. नुसती घाई दाखवली तर ती कशाची ते कळणार नाही. म्हणजे एकाच हालचालीला दोन कारणं संभवत असतील आणि प्रसंगातूनही उलगडा होत नसेल, तेव्हा नाव घ्यावं.

हे तुला पुढच्याच पानावर लागेल. सोलापूरच्या स्टँडवर रुक्मिणी मैत्रिणीला बघून धावत खांबाआड जाते. भावना चार आहेत, चारही नावाने आल्या आहेत, आणि मी तिथे पेन्सिल लावलेली नाही. तीन काढून टाक. चौथी कोणती ठेवलीस आणि का, ते मला कळव.

तुझी
मावशी