पायाखालचं टिंब

गेली वीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासतो. गिऱ्हाइकाच्या सहीतलं टिंब हललं तरी त्याला परत बोलावणारा माणूस, अशी कर्जतमध्ये माझी ख्याती आहे. ख्याती हा माझा शब्द; लोक दुसरा वापरतात. त्यामुळे खालापूरच्या मावसभावाकडे गेल्या रविवारी एका पत्राचा निवाडा माझ्यापुढे आला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हा मावसभाऊ नोकरीला लागोसला होता आणि तिथलीच योरुबा मुलगी बायको करून घेऊन आला. वहिनी आता मराठी अशी बोलतात की खालापूरच्या भाजीवाल्या त्यांच्याशी भाव करायला कचरतात. त्यांची दहा वर्षांची लेक आईकडून योरुबा शिकते आहे. नायजेरियातल्या आजोबांनी तिला वाढदिवसाला पैसे पाठवले होते, म्हणून तिने त्यांना पहिलंच पत्र लिहिलं. उणीपुरी तीन वाक्यं. 'सुप्रभात आजोबा. मी तुम्हाला आदरपूर्वक नमस्कार करते. पैशांबद्दल आभार.'

पत्र चांगलं होतं. फक्त त्यात एकही टिंब नव्हतं आणि एकही रेघ नव्हती.

योरुबा रोमन अक्षरांत लिहितात, पण काही अक्षरांच्या पायाशी टिंब देतात. टिंब नसलेला तो 'ओ', टिंब दिलं की आपल्या 'ऑफिस'मधला 'ऑ'. 'ए'चं तसंच; आणि 'स'खाली टिंब दिलं की 'श'. (आपण चंद्रकोर डोक्यावर देतो, ते टिंब पायाशी देतात. चालीरीती.) शिवाय भाषेला तीन सूर. चढ्या सुराला अक्षरावर चढती रेघ, उतरत्याला उतरती, आणि मधल्याला काहीच नाही. शब्द तोच, सूर बदलला की अर्थ बदलला. ही लिहिण्याची रीत १८७५ साली लागोसला मिशनऱ्यांची बैठक भरून ठरली. त्यात मोठा वाटा सॅम्युएल क्राउथर यांचा. ते स्वतः योरुबा. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, १८२२ साली जहाजावरून सुटले आणि पुढे बिशप झाले. त्यांनी १८४३ साली योरुबा शब्दसंग्रह छापला होता.

आता पोरीच्या पत्रात 'ओवो' हा शब्द दोनदा आला होता, दोन्हीकडे अगदी सारखा. वहिनींनी कागदावर मला हिशेब मांडून दाखवला. दोन्ही 'ओ' बिनटिंबाचे, दुसरा सूर चढा: पैसे. सूर तोच ठेवून दोन्हींना टिंब दिलं तर: हात. दोन्हींना टिंब आणि दोन्ही सूर उतरते: आदर. पहिला सूर मधला केला तर: केरसुणी. आणि उतरते सूर ठेवून टिंबं काढली तर: व्यापार.

म्हणजे ते पत्र असंही वाचता येत होतं: 'मी तुम्हाला पैशांसह नमस्कार करते. आदराबद्दल आभार.' किंवा, आजोबा तिरकस असले तर, 'केरसुणीसह नमस्कार.' एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात गेली की काय होतं ते मी जाणतो. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीच टिंबं टाका आणि मोकळ्या व्हा."

"टाकली असती," त्या म्हणाल्या, "पण मग पत्र कोणाचं?"

मावसभाऊ म्हणाला, आहे तसं जाऊ दे, आजोबा समजून घेतील. ते खरंही होतं. जाणता माणूस संदर्भावरून वाचतो. वहिनी स्वतः माहेरी मोबाइलवर लिहितात तेव्हा रेघा-टिंबांच्या वाटेला जात नाहीत. पोरीने शब्द उचलले होते ते तिथूनच. पण वहिनींना ते चालतं, कारण सूर त्यांच्या कानात मुरलेले आहेत. पोरीचं अजून तसं नाही. शिवाय टिंब गळलं ते नेमकं 'तुम्ही'चं. योरुबात बरोबरीच्याला 'ओ' म्हणतात आणि वडीलधाऱ्याला पायाशी टिंब असलेला 'ए'. म्हणजे मान त्या टिंबात. आपल्याकडे तरी काय वेगळं? 'आजोबांनी'वरचं टिंब गेलं की आजोबा एकदम अरेतुरेत उतरतात.

इथे मला माझे आजोबा आठवले.

ते जुन्या वळणाचे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने १९६२ साली मान्य केले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले, ही बातमी कर्जतला त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, किंवा त्यांनी ती आत घेतली नव्हती. मी पुण्याला बीकॉमला असताना त्यांना चार पानी पत्र लिहिलं. खोलीवरचा मित्र, खानावळ, पहिल्यांदा पाहिलेलं नाटक, सगळं. त्यात 'मित्राचे नाव' असं लिहिलं. पत्र लाल शाईने माखून परत आलं. तळाशी एक ओळ होती: 'तुझ्या मित्राची नाव असल्याचें वाचून आनंद झाला. मुठेला सध्या पाणी किती?' जुन्या रीतीने नाम म्हणजे 'नांव', आणि टिंब नसलेली ती होडी. नियमाने मी बरोबर होतो. पण त्यानंतर ते जाईपर्यंत मी त्यांना पोस्टकार्डावर एकच मजकूर पाठवत राहिलो: 'पैसे मिळाले.' या दोन शब्दांत कुठल्याच नियमाने टिंब लागत नाही.

आजोबांनी ज्या टिंबासाठी भांडण केलं त्याचा आवाज केव्हाच गेला होता. योरुबातलं टिंब जिवंत आहे. ते गळलं तर आवाजच गळतो. तेव्हा मावसभावाचं 'जाऊ दे' मला पटेना, आणि लाल शाई तर मी जन्मात हातात धरली नसती. पैसे काढायच्या स्लिपवर गिऱ्हाईक चुकलं तर मी दुरुस्ती करत नाही. स्लिप परत सरकवतो. खाडाखोड खातेदाराची आणि सहीही खातेदाराची.

तसंच सुचवलं. वहिनींनी पत्र पोरीपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचू नकोस. गुणगुण." तिकडे शाळेत सूर डो-रे-मीवर शिकवतात, आमच्याकडे सा-रे-ग झालं. पोरीने तोंड मिटून पहिला 'ओवो' गुणगुणला: सा-सा. उतरत्या रेघा दोन. आदर की व्यापार ते मात्र गुणगुणून कळत नाही, दोघांची चाल एकच. तिथे तोंड उघडून 'ऑ' म्हणावं लागलं, मग टिंबं पडली. दुसरा 'ओवो': रे-ग. पुन्हा तोंड उघडलं, 'ओ' निघाला, टिंब नाही. पैसे जागच्या जागी जमा.

वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडे डुंडुन नावाचा ढोल असतो, दोऱ्या आवळून त्याचा सूर चढवतात-उतरवतात आणि तो बोलतो. त्याच्याजवळ अक्षरं नाहीत, नुसते सूर. म्हणून तो एकटा शब्द सहसा बोलत नाही, अख्खी म्हण वाजवतो. पोरीच्या पत्रात उलटं झालं होतं.

अर्ध्या तासाने पत्र तयार झालं. मी सवयीने बोट फिरवलं आणि एका 'ओ'वर थांबलो. "इथे राहिलं."

"काका, तिथे मधला सूर आहे," पोरगी म्हणाली. "मधल्याला काही लिहायचं नसतं."

मी बोट काढून घेतलं. तेवढ्यात वहिनींची नजर एका शब्दावर गेली. 'सह' या अर्थाच्या त्या शब्दातल्या 'ए'खालचं टिंब खरोखरच राहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथे दुसरं काही वाचताच येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. पोरगी खाली तिची सही करत होती, भलीमोठी, वळणदार. सही झाल्यावर मी पाकिटाला डिंक लावला.