अर्ध्यांची मोजणी

३२ चे अर्धे १६, मग ८, ४, २ आणि शेवटी १. पाच वेळा अर्धे केले की १ उरतो, म्हणून ३२ चे 'अर्धच्छेद' ५. ही संज्ञा वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेतली. 'षट्खंडागम' या दिगंबर जैन ग्रंथावरची ही प्राकृत-संस्कृत टीका सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची. तिच्या ताडपत्री पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला जपून ठेवलेल्या होत्या. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून तिचे खंड अमरावतीहून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातले गणित अभ्यासकांपुढे आले.

आज आपण अर्धच्छेदांना २ या पायाचा लॉगरिदम म्हणू. हे साम्य नुसत्या व्याख्येपुरते नाही, कारण धवलेत नियमही आहेत. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. ८ चे ३ आणि ३२ चे ५. त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे २५६ चे, बरोबर ८.

वीरसेनांना हे कशासाठी हवे होते? जैन विश्वविचारातल्या अफाट संख्यांची प्रतवारी लावण्यासाठी. संख्येला तिच्याच घातांकावर चढवायचे, ही त्यांची एक क्रिया. २ पासून निघाले की पहिल्या खेपेला ४, दुसऱ्या खेपेला २५६ आणि तिसऱ्या खेपेला २५६ चा २५६ वा घात. ही संख्या ६१७ अंकी आहे. ती लिहून काढण्यात अर्थ नाही. पण तिचे अर्धच्छेद ८ गुणिले २५६, म्हणजे फक्त २०४८. या २०४८ चे पुन्हा अर्धच्छेद काढले की ११ येतात. त्याला 'वर्गशलाका' म्हणतात: २ पासून सलग ११ वेळा वर्ग केला की ती संख्या मिळते. एवढ्या मोठ्या दोन संख्यांत थोरली कोणती, हे मग चुटकीसरशी ठरते.

अडचण येते ती १२ पाशी. १२, ६, ३ आणि पुढे दीड. १ नेमका हाती लागतच नाही. १ च्या खाली न जाता जितक्या वेळा अर्धे होते तेवढे मोजले तर १२ चे ३ होतात. मग १२ गुणिले १२ चे ६ यायला हवेत, पण १४४ चे त्याच रीतीने ७ निघतात. बेरजेचा नियम तिथेच मोडतो. धवलेत ३ आणि ४ ने छेद देण्याच्याही संज्ञा आहेत, पण ३ ने छेदूनही १२ चा १ होत नाही. पाया बदलला तरी मधल्या संख्या सुटून जातातच.

जॉन नेपियरने १६१४ मध्ये नेमकी ही मधली जागा भरली. खगोलशास्त्रज्ञांचे किचकट गुणाकार वाचवायचे, तर त्याला निवडक घात पुरणार नव्हते; सलग कोष्टकच हवे होते. वीरसेनांच्या कामाला निवडक घात पुरत होते, म्हणून कोष्टकाची गरज पडली नाही. अर्धच्छेदांना लॉगरिदमचे पूर्वज म्हणावे ते गुणाकाराची बेरीज करणाऱ्या नियमापुरते. आकडेमोडीचे साधन म्हणून लॉगरिदमची गोष्ट नेपियरपासूनच सुरू होते.