चहावाले, कॉफीवाले आणि मधली रेघ



आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ही चित्रं रोज येतात. एका बाजूला वाफाळता चहा आणि खाली ‘आपली माणसं’. दुसऱ्या बाजूला कॉफीचा मग आणि खाली ‘हे स्वतःला कोण समजतात?’ हैदराबादच्या ग्रुपवर ‘व्हेज बिर्याणी म्हणजे पुलाव’ यावरून जुंपते, इंदूरच्या ग्रुपवर पोह्यांवरून. आपण हसतो, पुढे पाठवतो. यात वाईट काय? बहुतेक वेळा काहीच नाही. पण प्रश्न थोडा खोल आहे. जिभेची आवड ही माणसाची ओळख कधी होते, आणि झाली की तिचं काय करायचं?

आधी एक प्रयोग पाहू. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना काही चित्रं दाखवली. काही चित्रं क्ले या चित्रकाराची होती, काही कँडिन्स्कीची. मग प्रत्येकाला सांगितलं, ‘तू क्लेवाला’, ‘तू कँडिन्स्कीवाला’. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, गटाशी काही देणंघेणं नव्हतं. मग त्यांना दुसऱ्या दोन मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले, एक आपल्या गटातला, एक समोरच्या. स्वतःला काही मिळणार नव्हतं.

पर्याय साधारण असे होते : आपल्या गटातल्याला १९ आणि समोरच्याला २५ गुण, किंवा दोघांना १३-१३, किंवा आपल्याला ७ आणि समोरच्याला १. सरळ हिशोब केला तर पहिला पर्याय चांगला, आपल्या माणसाला सर्वात जास्त मिळतं. पण मुलांचा कल त्या टोकाकडे नव्हता. ‘आपण समोरच्याच्या पुढे राहू’ या ओढीने आपल्याच माणसाचे थोडे कमी झाले तरी त्यांना चाललं. चहा-कॉफीचं भांडण नेमकं इथून जन्मतं. पेय निमित्त असतं, मजा रेघ ओढण्यात असते. म्हणूनच त्या मीममध्ये चहाच्या चवीबद्दल जवळजवळ काहीच नसतं. आलं किती घातलं, दूध किती आटवलं, पावडर कधी टाकली, याची चर्चा नाही. सगळी चर्चा ‘ते’ कसे आहेत याची.

गंमत म्हणजे ज्या चहाला आपण ‘आपल्या मातीतला’ म्हणतो, तो घराघरात येऊन फार काळ झालेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मळेवाल्यांनी माणसं पाठवून, गावोगावी फुकट कप पाजून त्याची सवय लावली. टपरीवर मिळणारा तो बारीक दाण्यांचा, लवकर रंग सोडणारा, स्वस्त सीटीसी चहा तर १९३० च्या दशकात आसाममध्ये निघालेल्या यंत्राची देणगी, आणि सगळीकडे पसरला तो स्वातंत्र्यानंतर. कॉफीचीही तीच गत. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. दोन्ही पाहुणे. पाहुण्यांवरून यजमान भांडतायत.

पण प्रत्येक वेळी हे भांडण गमतीचं राहत नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच मराठी इतिहासात आहे. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातले बरेच नामांकित लोक गेले. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. शेवटी मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी मान राखायला कप हातात धरून खाली ठेवला. हे सगळं जमवून आणणारे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि पुण्यात गदारोळ उठला.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, तेही संकेश्वर-करवीर पीठाच्या. संकेश्वर म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं. चौकशी बसली. टिळकांनी सांगितलं, ‘मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहे.’ रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. चहा पिणं पाप आहे असं वाटलं म्हणून नव्हे, तर मित्रांची कोंडी सुटावी म्हणून. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. सुधारक त्यांच्यावर नाराज झाले, सनातनी तर आधीपासून होतेच.

या प्रकरणात एक गोष्ट बारकाईने पाहा. चहा चांगला की वाईट, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. त्याच चहाची पावडर घरी आणून घरच्या माणसाने उकळली असती, तर काही झालं नसतं. प्रश्न होता, *कप कुणाच्या हातचा?* आणि म्हणून, ज्याने कप ओठाला लावला आणि ज्याने नुसता धरून ठेवला, दोघंही एकाच यादीत गेले. कप हा पुरावा होता, खटला माणसावर होता.

मग आजच्या मीममध्ये आणि त्या कपात फरक कसा ओळखायचा? मला तीन खुणा दिसतात. पहिली : माणूस बाजू सहज बदलू शकतो का? सकाळी कॉफी, संध्याकाळी चहा घेणाऱ्याला कुणी बहिष्कृत करत नाही, तोवर थट्टा निरोगी आहे. दुसरी : हसण्यामागे काही अडकलेलं आहे का? ‘व्हेज बिर्याणी’ची थट्टा ताटापुरती असते. पण तेच वाक्य ‘तुम्ही काय खाता?’ असं होऊन भाड्याचं घर मागणाऱ्याच्या तोंडावर आलं, तर तिथे बिर्याणी नाही, दार बंद होतंय. तिसरी, सर्वात महत्त्वाची : कप वेगळा ठेवलाय का? आपल्या खेड्यापाड्यांत दलितांसाठी हॉटेलाबाहेर वेगळा कप ठेवला जायचा. चहा एकाच पातेल्यातला असायचा, तरीही.

इथे कुणी म्हणेल, ‘मग काय, आवडही ठेवायची नाही?’ तसं नाही. आवडीत माया असते. आजीच्या हातच्या चहाची चव ही आठवण आहे, आणि आठवणीला निष्ठा द्यायलाच हवी. पण ती निष्ठा आपल्याकडे खेचते, दुसऱ्याला ढकलत नाही. ‘मला हे आवडतं’ हे वाक्य तिथेच संपलं की ते गोड असतं. त्याला ‘म्हणून तू’ जोडलं की कडू होतं. साखर घातली तरी.

*या आठवड्यासाठी :* अशी एखादी पोस्ट पुढे पाठवण्याआधी त्यातलं पेय काढून टाका आणि तिथे माणसाचं काहीतरी, जे तो बदलू शकत नाही, ते ठेवून बघा : त्याची जात, गाव, भाषा. वाक्य अजून हसरं वाटतंय का? वाटत असेल, तर थांबा. नसेल, तर बिनधास्त पाठवा. चहाला वेळ नसते, हे कॉफीवाल्यांनीही मान्य केलंय.