समासातली पेन्सिल

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात इतिहास शिकणारे दोघे मराठी विद्यार्थी. त्याचा चंदीगडच्या आराखड्यावरचा मसुदा तिने वाचून परत दिला आहे.

तो : एकही वाक्य दुरुस्त केलं नाहीस? नुसते प्रश्न!

ती : कुठलं करायला हवं होतं?

तो : हेच बघ. ‘१९५१ मध्ये ल कॉर्बुझिए आले, अल्बर्ट मेयर यांचा आराखडा रद्द झाला आणि त्यातले हिरवे पट्टे कायम राहिले.’ वाक्य लंगडतंय, हे मलाही कळतं. तू दोन मिनिटांत सरळ केलं असतंस.

ती : केलं असतं. मग तुला काय म्हणायचंय, ते मीच ठरवलं असतं आणि तू मान डोलावली असतीस. म्हणून समासात एवढंच विचारलं, की आराखडा रद्द झाला, तर पट्टे राहिले कसे?

तो : त्यापायी काल पुन्हा नकाशे काढून बसलो. मेयरचे वळणदार रस्ते गेले, जाळी सरळ झाली. पण शाळा-बाजार हाताशी असलेली वस्ती आणि तिच्यातून जाणारी हिरवळ टिकली. मेयरच्या ‘सुपरब्लॉक’चा पुढे ८०० बाय १२०० मीटरचा सेक्टर झाला. आता अख्खा निबंध त्यावरच उभा आहे. मग हा मुद्दा माझा की तुझा?

ती : नकाशे तू पाहिलेस.

तो : पण तू विचारलं नसतंस, तर पाहिले नसते. शेवटी ‘मैत्रिणीचे आभार’ लिहून भागेल?

ती : त्यावरून काय कळणार? मी शुद्धलेखन तपासलं की चहा पाजला? त्या परिच्छेदालाच टीप दे.

तो : मग तू दाखवलेल्या ऱ्हस्व-दीर्घालाही टीप?

ती : नको रे. माझी सूचना काढली तर युक्तिवाद ढासळतो का, ते बघ. ढासळत असेल तर टीप.

तो : आणि मॅथ्यू नोविकी? मेयरचा हा सहकारी १९५० मध्ये विमान अपघातात गेला, हे तूच सांगितलंस.

ती : ते मी पुस्तकात वाचलं. तूही ते उघडून खात्री कर आणि पुस्तकाचा संदर्भ दे, माझा नको.

तो : टीप वाचून सर म्हणतील, मुद्दा हिचा, मग गुण याला कशाला?

ती : शोध कुणी घेतला, तेही त्याच टिपेत लिही. शिवाय सेक्टरचं एवढं श्रेय मेयरला देणं मला पटलेलं नाही. रस्त्यांची सात प्रकारांत केलेली विभागणी कॉर्बुझिएचीच. माझ्या नावामुळे माझी संमती आहे, असं कुणाला वाटायला नको.

(तो लिहून तिच्यापुढे धरतो.)

ती : ‘सेक्टरचं मूळ मेयरकडे आहे, हे हिने दाखवून दिलं.’ मी कुठे दाखवलं? मी फक्त विचारलं. बदल हे.

तो : आता वाक्य कोण दुरुस्त करतंय?

ती : माझ्याबद्दलचं आहे. तेवढं करू दे.