झाडावरचा पक्षी, सोबत एकही शब्द नाही

फांदीवर कबुतराएवढा पक्षी बसलेला आहे. पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडव्या रेघा, लांब शेपटीवर गडद पट्टे. एवढेच छायाचित्र फोनवर येते. ना ठिकाण, ना वेळ, ना प्रश्न. पाठवणाऱ्याला पक्ष्याचे नाव हवे असेल, तो तिथे काय करत होता हे जाणून घ्यायचे असेल किंवा चित्र आणखी चांगले कसे आले असते हे विचारायचे असेल. पाहणारा बहुधा यातला एक हेतू गृहीत धरून उत्तर देतो. प्रत्यक्षात हे तीन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाचे उत्तर दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही.

महाराष्ट्रात असा पक्षी दिसला की दोन नावे समोर येतात, शिक्रा आणि पावशा. शिक्रा हा शिकारी पक्षी. पावशा कोकिळेच्या कुळातला, पण रंगरूपात आणि उडण्यात शिक्र्याची हुबेहूब नक्कल. काही वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचे, ही ढबसुद्धा तीच. त्यामुळे लहान पक्षी त्यालाही घाबरून ओरडा करतात. माणसाची फसगत होते यात नवल नाही. पिल्लांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण दोघांच्याही पिल्लांच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी उभे ठिपके-ओघळ असतात.

अशा वेळी रंग बाजूला ठेवून चोच पाहावी. शिक्र्याची चोच आखूड, बुडापासूनच खाली वळलेली आणि टोकाला आकड्यासारखी असते. पावशाची त्या मानाने बारीक व सरळ, टोकाशी किंचित झुकलेली. पाय दोघांचेही पिवळे, म्हणून पायांच्या रंगावरून काही ठरत नाही, बोटांवरून ठरते. शिक्र्याची तीन बोटे पुढे, एक मागे आणि नख्या दणकट. पावशाची दोन पुढे, दोन मागे. डोळ्याभोवती पिवळे कडे स्पष्ट दिसले तर पावशाकडे झुकावे. नुसत्या डोळ्याच्या रंगावर भिस्त ठेवू नये: प्रौढ शिक्र्याचा डोळा नारिंगी ते लाल असला तरी पिल्लाचा पिवळा असतो.

आता अडचण अशी, की आकाशाकडे रोखून काढलेल्या चित्रात नेमक्या याच गोष्टी काळ्या पडतात. मागच्या लख्ख आकाशाला जुळवून घेताना कॅमेरा पक्ष्याला अंधारात टाकतो. चोच म्हणजे एक काळे टोक, आणि बोटे पानाआड. इथे छायाचित्रणाचा सल्ला ओळखीचाच भाग होतो. फोनवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवावी. आकाश पांढरे फटक झाले तरी चालेल, पिसे उघडतात. जमल्यास ऊन आपल्या पाठीशी येईल अशा बाजूला जावे, पण पक्षी मान ताणून एकटक पाहू लागला की पुढे सरकणे थांबवावे. सुबक चौकटीसाठी कडा कापण्याआधीचे मूळ चित्रही ठेवावे. साध्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले चित्र दाबले जाते आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले की मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते.

चित्र अंधारे असले तरी वागणूक बोलते. शिक्रा बहुधा ताठ बसून खाली सरड्यावर नजर लावतो. पावशा अनेकदा फांदीला समांतर बसतो आणि केसाळ सुरवंट टिपून खातो. पावसाळ्याच्या तोंडाशी तोच ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा स्वर चढवत ओरडतो. हा आवाज ऐकला असेल तर चोच दिसण्याची गरजच उरत नाही. आणि सातभाई आपल्याहून मोठ्या, शिकाऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना चित्रात सापडले, तर ते पिल्लू पावशाचे. मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि वाढवण्याचे काम त्यांच्यावर सोडून जाते.

पाठवणाऱ्याच्या मनातले काही अंशी चित्रातूनच कळते. पक्षी मधोमध, लहान आणि धूसर असेल तर बहुधा नाव हवे असते. एकामागून एक चार चित्रे आली, किंवा चौकटीत दुसरा पक्षी अथवा घरटे असेल, तर प्रश्न वागणुकीचा. पक्षी एका कडेला, समोर मोकळी जागा, मागची पाने मुद्दाम अंधूक, अशी रचना असेल तर दाद किंवा सूचना हवी असण्याचा संभव जास्त. तरीही हे अंदाजच, म्हणून आधी नाव आणि त्याचे कारण सांगावे, मग ‘कुठे, कधी, काय करत होता?’ एवढे विचारावे. चित्रणाच्या चुका विचारल्याखेरीज काढू नयेत. ज्या त्रुटीमुळे ओळख अडली तेवढीच सांगावी.

वरच्या चित्राला उत्तर द्यायचे तर असे: ‘शिक्रा किंवा पावशा. चोच सावलीत आहे, बोटे दिसत नाहीत. बसण्याची ढब आडवी आहे, म्हणून पावशाची शक्यता अधिक वाटते. ओरडत होता का? याच वेळचे दुसरे चित्र असेल तर न कापता पाठवा.’ दुसरे चित्र नसेल आणि आवाजही आठवत नसेल, तर नोंदीत दोन्ही नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.